दहावीच्या निरोपाची गाणी: चाल हसरी, शब्द हळवे

जानेवारी लागला की शाळेत नव्याने आलेल्या ताईंना किंवा सरांना स्टाफरूममध्ये हमखास एक काम मिळतं: "दहावीचा निरोप समारंभ आहे, नववीच्या पोरांकडून तेवढी गाणी बसवून घ्या." काम देणाऱ्याला हे अर्ध्या तासाचं वाटतं. घेणाराही मोबाइलवर 'फेअरवेल साँग' शोधतो, दोन हळवी हिंदी गाणी निवडतो आणि मुलं ती स्पीकरबरोबर म्हणू लागतात. समारंभाच्या दिवशी दुसऱ्या कडव्यात गाणारी मुलगी रडायला लागते, समोरच्या बाकांवर हुंदके सुरू होतात आणि उरलेलं गाणं ट्रॅक एकटाच वाजवून संपवतो. मग मुख्याध्यापकांना माइक हातात घेऊन वातावरण हलकं करावं लागतं.

रडू येण्याला माझी ना नाही. पण गाणं पूर्ण व्हायला हवं, आणि पंधरा वर्षांच्या मुलांना हसत हसत गळा दाटून यायला हवा. असं गाणं नुसतं निवडून मिळत नाही, ते तसं बांधावं लागतं. म्हणून इथे त्या बॅचसाठी स्वतः लिहून बसवायच्या एका गाण्यावरच जास्त बोलतो. बाकीची दोन-तीन गाणी तयार घेतली तरी चालतात.

आधी तारखा बघा. बोर्डाची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होते, तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. त्यामुळे नागपुरातल्या बहुतेक शाळांत निरोप जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या अगदी सुरुवातीला होतो. दहावीची पूर्वपरीक्षाही त्याच सुमारास असते, म्हणून दहावीच्या मुलांना तालमीला बोलवू नका. गाणारी मुलं नववीची. तीन आठवडे हातात असले तर पहिला मजकुरासाठी, दुसरा चाल आणि पट्टीसाठी, तिसरा माइकसकट तालमीसाठी ठेवा. गाण्यांना एकूण वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागू नका. मनोगतं आणि भाषणं ठरल्यापेक्षा लांबणारच आहेत.

तयार गाणं घेताना

'चलते चलते' या १९७६च्या चित्रपटातलं किशोरकुमारचं निरोपाचं गाणं किंवा केकेच्या १९९९च्या अल्बममधलं 'पल' मुलं सुचवणारच. आपल्याकडे अर्धा वर्ग घरी हिंदी आणि मित्रांत नागपुरी मराठी बोलतो, तेव्हा हिंदी-मराठी मिसळ आपसूक होते आणि ती तशीच राहू द्यावी. अडचण भाषेची नाही. ही गाणी एका मोठ्या पुरुषाच्या आवाजासाठी, त्याच्या पट्टीत केलेली आहेत. नववीतल्या मुलीला त्याच पट्टीत ती फार खाली पडतात. ती पूर्ण सप्तक वर गेली तर फार उंच होतात. आवाज फुटत असलेल्या मुलाला दोन्ही जमत नाही. ट्रॅकची पट्टी मोबाइलवर बदलता येते, पण तीन-चार अर्ध्या सुरांच्या पुढे सरकवली की तबला-ढोलकीचा आवाज विचित्र होतो, प्लास्टिकच्या डब्यासारखा. म्हणून अशा गाण्याला पेटी आणि खंजिरी बरी. खंजिरी बहुतेक शाळांच्या कपाटात असतेच. तुकडोजी महाराजांच्या विदर्भात ती वाजवणारा मुलगा शोधावा लागत नाही.

मराठीत 'या जन्मावर, या जगण्यावर' हे पाडगावकर, यशवंत देव आणि अरुण दाते यांचं गाणं समूहाला चांगलं जमतं. ते निरोपाचं म्हणून लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते निरोपाला शोभतं. मात्र 'आता आपण कधी भेटणार' अशा अर्थाची दोन गाणी एकाच कार्यक्रमात घेऊ नका. पहिल्याला डोळे भरतात, दुसऱ्याला मुलं कंटाळतात.

मजकूर: मुलांकडून काय मागायचं

आता बॅचचं स्वतःचं गाणं. नववीच्या मुलांना सरळ 'कविता लिहा' म्हटलं की पाखरं, घरटं, आठवणींचा ठेवा आणि सोनेरी क्षण एवढंच हाती येतं. हे शब्द कुठल्याही शाळेच्या कुठल्याही बॅचला लागू पडतात, म्हणून ते कुणाच्याच काळजाला लागत नाहीत. त्यापेक्षा दहावीच्या वर्गात मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या वाटा आणि एवढंच विचारा: वर्गातली कोणती वस्तू, कोणता आवाज आणि कोणता वास आठवेल? नाव लिहायचं नाही. उत्तरं एकदम खालच्या पातळीवर येतात, म्हणजे जमिनीवर येतात: तिसऱ्या बाकाचा हलणारा पाय, जूनमध्ये कूलर नसलेली खोली, सकाळच्या शाळेतलं धुकं, सायकल स्टँड, डब्यातली तर्री, हजेरीचा नंबर.

या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिल्यात हसू येणाऱ्या, दुसऱ्यात हसू येऊन थोडं थांबवणाऱ्या, तिसऱ्यात गप्प करणाऱ्या. तीन ढीग म्हणजे तीन कडवी, आणि क्रमही हाच. शिक्षकांची टोपणनावं, कुणाचे मार्क, कुणाचं दिसणं आणि कुणाची कुणाशी जोडी असलेल्या चिठ्ठ्या चौथ्या ढिगात टाकून फाडून टाका.

मात्रांचं गणित सोपं ठेवा. केहरव्याचं आवर्तन ८ मात्रांचं असतं. ओळ २८ मात्रांची करा: ८, ८, ८ आणि ४. शेवटच्या आवर्तनात चार मात्रा रिकाम्या उरतात. त्या चार मात्रा मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात, कारण तिथेच मुलं श्वास घेतात आणि टाळी पडते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर उच्चारात जड झालं तर त्याच्याही दोन. 'घंटा झाली' आठ, 'चला गड्यांनो' आठ, 'दप्तर घ्या रे' आठ, 'पाठी' चार. बसलं.

अशा चिठ्ठ्यांवरून केलेलं गाणं असं होतं:

घंटा झाली, चला गड्यांनो, दप्तर घ्या रे पाठी
बाक आमचा ठेवुन जातो पुढल्या वर्गासाठी

गणित चालले, बाकाखाली डब्यात शिरली बोटे
तर्री सांडुन वही रंगली, लाल आकडे मोठे

सकाळ शाळा, धुके दाटले, सायकलींची रांग
कुणी कुणाची वाट पाहिली, आज तरी तू सांग

हजेरीतला नंबर माझा पुढे कुणाचा होई
'हजर' म्हणाया ओठ हालती, हाक मात्र ती नाही

हे गाणं दहावीच्या तोंडी लिहिलेलं आहे, पण गातात नववीची मुलं. ते मुद्दाम. नववीच्या मुलांनी 'तुम्ही चाललात' म्हटलं तर ते भाषण होतं. त्यांनी दहावीचा 'मी' उसना घेतला की समोर बसलेल्यांना वाटतं, आपलंच कुणीतरी बोलतंय. ध्रुपदातला 'पुढला वर्ग' तर तेच गाणारे आहेत, आणि हे लक्षात आलं की पहिल्या बाकांवर हशा होतो.

तुमच्या शाळेसाठी हे गाणं जसंच्या तसं उचलू नका. ध्रुपद हवं तर ठेवा, कडवी तुमच्या चिठ्ठ्यांतून येऊ द्या. 'सायकलींची रांग' ज्या शाळेत सगळी मुलं व्हॅनने येतात तिथे खोटी ठरते. ओळ खरी आहे की नाही हे तपासायला ती दहावीच्या एखाद्या मुलाला नुसती वाचून दाखवा. त्याने "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं विचारलं तर ओळ राहू द्या. "छान आहे" म्हणाला तर बदला.

चाल

चाल भूपाच्या पाच सुरांत बांधा: सा रे ग प ध. म आणि नी नसल्यामुळे न शिकलेल्या मुलालाही सूर सापडतो आणि पन्नास मुलं एकत्र गायली तरी फार बेसूर होत नाही. ध्रुपद 'सा'वरून चढत जाऊन 'दप्तर घ्या रे'ला वर पोचू द्या. ते ओरडून म्हणण्याचं आहे, तिथे जोर हवाच.

चालीत खरी काळजी तिसऱ्या कडव्यात घ्यायची. गळा दाटला की सगळ्यांत आधी उंच आणि लांबवलेला सूर तुटतो. खालचा, आखूड सूर बराच वेळ टिकतो. बोलण्याइतका आवाज उरला तरी तो म्हणता येतो. त्यामुळे जिथे रडू येणार तिथे तार सप्तक ठेवू नका. 'हाक मात्र ती नाही' हे ग, रे, सा असं उतरत, अक्षरं न लांबवता, जवळजवळ बोलल्यासारखं घ्या. अनेक हौशी चाली नेमकं उलटं करतात: सगळ्यांत हळवी ओळ सगळ्यांत वर नेतात, कारण रेकॉर्डिंगमध्ये ते मोठे गायक तसं करतात. स्टुडिओतल्या गायकासमोर त्याच्या वर्गातली मैत्रीण रडत बसलेली नसते.

त्या ओळीनंतरच्या चार रिकाम्या मात्रांत खंजिरी थांबवू नका. उलट तिथे एक ठसठशीत तुकडा वाजवून लगेच 'घंटा झाली' वर यायचं. हसरेपणा शब्दांत शोधू नका, तो ठेक्यात आहे. शब्द कितीही हळवे झाले तरी ठेका हलला नाही तर गाणं उचललेलं राहतं.

लय मोजण्यासाठी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी द्या. मिनिटाला सत्तरच्या आसपास टाळ्या पडल्या पाहिजेत. एका ओळीत रिकाम्या मात्रा धरून ८ टाळ्या, म्हणजे ओळ सुमारे ७ सेकंदांची. प्रत्येक ओळ दोनदा, ध्रुपद चार वेळा आणि कडवी तीन, असं धरलं तर २८ ओळी होतात, म्हणजे सव्वातीन मिनिटं. तालमीत घड्याळ लावाच. गाणं चार मिनिटांवर गेलं तर टाळ्या सरासरी पंचावन्नपर्यंत उतरल्यात, आणि ते तिसऱ्या कडव्यातच झालेलं असतं. मुलांना 'फास्ट म्हणा' सांगून उपयोग होत नाही, ती शब्द गिळतात. खंजिरीवाल्याला गाणाऱ्यांकडे पाठ करून उभं करा. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो, म्हणून मागे पडतो.

पट्टी

नववीत मुलींचे आवाज साधारण स्थिर असतात. मुलांत तीन प्रकार सापडतात: अजून न फुटलेला, फुटून खाली बसलेला आणि मधेच अडकलेला. पहिला मुलींबरोबर गातो. दुसरा तीच चाल एक सप्तक खाली गातो. तिसऱ्याकडे चार-पाच सूरच खात्रीचे असतात, बाकीच्यावर आवाज घसरतो आणि शेजारचा हसतो. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला पेटीवर सा रे ग म प ध नी सां म्हणायला लावून कोणता कुठे आहे ते वहीत टिपा. हे एकेकट्याने, दार लावून करा. सगळ्यांसमोर केलं तर "काऊन बे, बकरी झाली का तुझी?" हे ऐकून तो मुलगा पुन्हा तालमीला येणार नाही.

आता पेटीवर सा कुठे धरायचा? गाण्यातला सगळ्यांत खालचा सूर शोधा आणि तो पांढरी एक किंवा काळी एकच्या आसपास आणा. वरच्या गाण्यात खालचा सूर सा आहे आणि वरचा तार सा, तेव्हा सा काळी एक धरला तर मुलींना मधल्या सप्तकात आरामात जमतं आणि आवाज फुटलेली मुलं त्याच्या खालच्या सप्तकात तेच गातात. दोघांनाही ताण नाही. एखाद्या गाण्याची चाल खाली मंद्र 'प'पर्यंत जात असेल, तर हिशोब वेगळा: खालचा प पांढरी एकवर आला पाहिजे, म्हणून सा पांढरी चार होतो. नवखे शिक्षक बहुतेक वेळा सा बघून पट्टी ठरवतात. सगळ्यांत खालचा आणि वरचा सूर बघितला की चुकत नाही.

मधेच अडकलेल्या मुलांना ध्रुपद आणि टाळी द्या, कडवं देऊ नका. आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्या कडव्यातली 'आज तरी तू सांग' ही ओळ बोलायला द्या, गायला नको. फुटक्या आवाजात ती ओळ जशी येते तशी दुसऱ्या कुणालाच येणार नाही. पोरं हसतात, आणि या वेळी तो त्यांच्याबरोबर हसतो.

दिवस आणि माइक

क्रम लावताना बॅचचं गाणं शेवटी ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. कार्यक्रमाच्या शेवटच्या भाषणाआधी ते घ्या आणि अखेरीस सगळ्यांना येणारं, उभं राहून म्हणायचं काहीतरी ठेवा. ते दहावीनेच म्हणावं, तालीम नसली तरी चालेल. निरोपाच्या दिवशी दहावीला काही करायला मिळालं नाही की ती नुसती पाहुणी होते.

नागपूरची जानेवारीतली सकाळ घशाला वाईट. आठच्या तालमीला मुलं मफलर काढून थेट वरच्या सुरात ओरडली की दहा वाजता आवाज बसतो. पाच मिनिटं तोंड बंद ठेवून खालच्या सुरात गुणगुणायला लावा, मग शब्द. समारंभाच्या दिवशी समोसा आणि चिवडा गाण्यानंतर. "भूक लागून राहिली ना सर" हे ऐकून घ्यायचं, पण पाणी आणि केळं एवढंच द्यायचं; तळलेलं खाऊन खोकत गाणारी मुलं माइकवर फार स्पष्ट ऐकू येतात.

दोन माइक असतील तर एक पेटीला देऊ नका. पेटी मुलांच्या अगदी जवळ ठेवा, ती त्यांना ऐकू आली पाहिजे. प्रेक्षकांना कमी ऐकू आली तरी चालेल. एक माइक मुलींच्या पुढे छातीच्या उंचीवर, दुसरा कडवं म्हणणाऱ्यासाठी. स्पीकर गाणाऱ्यांच्या मागे नको, शिट्टी वाजते. हे आदल्या दिवशी सभागृहात एकदा करून बघा, कारण वर्गात बसलेली लय मोकळ्या हॉलमध्ये आवाज परतून आल्यामुळे हमखास मंदावते.

प्रत्येक कडव्याला दोन मुलं नेमा: एक म्हणणारा, एक जोडीदार. जोडीदाराला कडवं पूर्ण पाठ हवं आणि तो म्हणणाऱ्याच्या डावीकडे उभा हवा. खूण एकच ठेवा: म्हणणाऱ्याने माइक खाली केला की जोडीदाराने पुढच्या 'सम'वर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर उचलायचं, मधल्या शब्दापासून नाही. गेलेला शब्द गेला. याची तालीम मुद्दाम करा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी माइक खाली करायला सांगा आणि खंजिरी चालू ठेवा. तिसऱ्या कडव्याला दोन जोडीदार नेमा, आणि त्यांतला निदान एक असा निवडा की ज्याचं दहावीत भाऊ, बहीण किंवा जिवलग मित्र कुणी नाही.